नाइट करणाऱ्याला पाच वाजताचा अलार्म नको, भरलेला कूलर हवा

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा "२१ दिवस पहाटे ५ ला उठा" सुरू झालंय. गेल्या वर्षी मीही उतरलो होतो. बुटीबोरीत माझी ड्यूटी दर आठवड्याला बदलते. फर्स्टच्या आठवड्यात जमलं. नाइट लागली आणि चौथ्या दिवशी मशीनसमोर उभ्याउभ्या डुलकी लागली. तेव्हा वाटलं, आपल्यातच दम नाही.

आता तसं अजिबात वाटत नाही. पहिल्या नाइटला माणूस सकाळी ७ ला उठलेला असतो. रात्री १२ ला त्याला जागून १७ तास होतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की इतक्या जागरणानंतर हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे! सकाळी ७ ला गेटबाहेर पडतो तेव्हा तर २४ तास झालेले असतात. त्या डोक्याकडून निश्चयाची अपेक्षा कशी करायची?

म्हणून त्या वेळी ठरवायला काहीच उरू नये, अशी सोय मी आदल्या रात्री करतो. पहिल्या नाइटला संध्याकाळी दीड तास झोपतो. निघण्याआधी खिडकीला काळी चादर लावतो आणि दाराची बेल बंद करतो. शेवटचा चहा रात्री दोनला, कारण पाच-सहा तासांनीही त्याचा निम्मा अंमल अंगात असतो. सुटल्यावर टपरीवरचे तर्री पोहे सोडले, हे मात्र जड गेलं. पण तिथलं अर्धा तासाचं ऊन शरीराला "दिवस उजाडला" सांगतं, आणि मग झोप उडते. बसमध्ये काळा गॉगल लावतो. गाडीवर जाणाऱ्यांनी तो लावू नये, डोळे अजून जड होतात.

एवढं करूनही मे महिन्यात रोज साडेअकराला जाग यायची. मी टेन्शनला दोष देत होतो. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, कूलरमधलं पाणी संपून राहिलं. नुसती गरम हवा फेकते तो." रात्री घरच्यांसाठी चाललेला कूलर सकाळपर्यंत अर्धा झालेला असायचा. आता ती मी यायच्या आधी टाकी काठोकाठ भरते. साडेआठ ते दीड सलग झोप लागते.

माझी सकाळ दीडला होते. तोंड धुऊन खिडकीशी उजेडात बसतो, जेवतो, मग मुलीला शाळेतून आणतो. व्यायाम नाइटच्या आठवड्यात करत नाही. एका आठवड्यात शरीराचं घड्याळ पूर्ण उलटत नाही, त्यामुळे हे सगळं करूनही पहाटे चारला जड वाटतंच. त्या तासाला जोखमीचं सेटिंग एकट्याने करत नाही, जोडीदाराला बोलावतो.

ग्रुपवरच्या भावांनो, नाइटवाल्याला "आळस सोड" लिहिण्याआधी सकाळी नऊला त्याच्या दाराची बेल तेवढी वाजवू नका.