आईचं बीपी आणि माझा निर्णय

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा रडत फोन आला आणि तिची गोष्ट अगदी माझीच निघाली, म्हणून लिहितेय.

मी दुसऱ्या शहरातली नोकरी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आईला सांगितलं, ती काहीच बोलली नाही, आणि तासाभराने पलंगावर आडवी. डोकं गरगरतंय, बीपी वाढलंय, "तू जा गं, माझं काय व्हायचं ते होईल." मशीन लावलं तर १६८/९६. माझे हातपाय गळाले. त्याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा मी माघार घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी आई ठणठणीत.

आई नाटक करते असं मी म्हणणार नाही, कारण ते खरंच नाहीये. तिला बीपी आहे, गोळ्या चालू आहेत, आणि भांडण झालं, भीती वाटली की कोणाचंही बीपी चढतं. आकडा खरा होता. पण तो आकडा माझ्या नोकरीवरचं मत म्हणून पुढे येत होता, आणि मी इतकी वर्षं या दोन गोष्टी एकच धरून चालले होते. आजारपण जर दरवेळी "नाही" ऐकल्यावरच येत असेल, "हो" म्हटलं की उतरत असेल, आणि डॉक्टरकडे चल म्हटल्यावर "डॉक्टर काय करणार, तूच समजून घे" असं उत्तर येत असेल, तर तिथे थांबून बघायला हवं.

यावेळी मी नोकरीचा न सुद्धा काढला नाही. तिला पाठ टेकवून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं दोघी गप्प. परत मोजलं, १४६/८८. छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काही असतं तर मी सगळं सोडून थेट हॉस्पिटल गाठलं असतं, आणि तुम्हीही गाठा, तिथे नाटक की खरं याचा हिशोब करत बसू नका. जीव देईन अशी भाषा आली तरी तेच, माणसाला एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टरची मदत घ्यायची, पण म्हणून निर्णय बदलून द्यायचा नाही.

मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ, दरवेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, सगळं वहीत. डॉक्टरांनी पहिला दिवस सोडून सरासरी काढली, १३२/८२ आली, म्हणाले गोळ्या आहेत त्याच चालू ठेवा. आईसमोरच मी विचारलं, मी बाहेरगावी गेले तर हिला काय काय लागेल? गोळ्या वेळेवर आणि बीपीची नोंद, बास. ते सगळं मी लावून दिलं. आजारपणाने खरंच कोणी सोबत लागणार असतं तर मी वेगळा विचार केला असता, हे मी तिलाही सांगितलं.

पण खरा त्रास याच्या पुढे झाला. आजारपणाने जमलं नाही म्हटल्यावर त्यागाचं सुरू झालं. "तुझ्यासाठी मी नोकरी सोडली, पोटाला चिमटा काढून शिकवलं." मी आधी वाद घालायचे, मी कुठे सांगितलं होतं सोडायला वगैरे, आणि त्यातून नुसतं आणखी रक्त निघायचं. आता म्हणाले, "हो आई, सोडलीस. मला माहितेय आणि त्याचं मला वाईटही वाटतं. नोकरीचं मात्र ठरलंय." आवाज न चढवता, तेच वाक्य, कितीही वेळा. ती जेवली नाही, मावशीला फोन लावून रडली, चार दिवस माझ्याशी अबोला.

हे आधी वाढतंच. जे इतकी वर्षं चाललं ते चालेनासं झालं की माणूस आणखी जोर लावतो, आणि नेमकं तिथे आपण विरघळलो तर समोरच्याला एवढंच कळतं की पुढच्या वेळी इतकं ताणावं लागेल. माझ्या मैत्रिणीचं हेच होतंय, ती नवव्या दिवशी हरते. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी हो म्हटलेलं परवडलं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी आईजवळ निवांत कधी बसायचे? ती आजारी पडली की. एरवी मी घाईत, मोबाईलमध्ये. म्हणजे मी जवळ यावं यासाठी तिच्याकडे आजारपणाशिवाय रस्ताच उरला नव्हता, आणि तो मीच ठेवला नव्हता. आता रोज रात्री साडेआठला फोन, भांडण झालेलं असो नसो, तब्येत बरी असो नसो. अबोल्याच्या त्या चार दिवसांतही मी तिच्या खोलीत जाऊन बसायचे, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, मी शेजारी बीपीची वही घेऊन. पाचव्या दिवशी तिने तोंड न वळवताच हात पुढे केला, "मोज."