ओला का सुका?

मे महिन्याच्या शेवटी मी सवलतीत मांजराच्या सुक्या खाण्याची 7 किलोची पिशवी घेतली. किती पैसे वाचले याचा हिशेब रिक्षातच झाला. दिवसांचा हिशेब करावा, हे मात्र सुचलं नाही. आमची ठमी 4 किलोची. दिवसाला 85 ग्रॅमचं एक ओलं पाऊच आणि वर साधारण 40 ग्रॅम दाणे, एवढाच तिचा आहार. म्हणजे 7 किलो दाणे तिला 175 दिवस पुरणार. पिशवी उघडली वटपौर्णिमेच्या सुमारास, ती संपणार देवदिवाळीला. मधला अख्खा पावसाळा त्या पिशवीने काढायचा, तोही चिपळुणात, जिथे जुलैत काडेपेटीसुद्धा पेटायला नखरे करते.

पिशवी घरात आली तशी आईने ताब्यात घेतली. साठवण हा तिचा प्रांत. तिच्या हातचे तांदूळ दोन-दोन वर्षं टिकतात आणि त्याची हकिगत आल्या-गेल्याला ऐकावी लागते. तिने तांदळाचं रिकामं पिंप काढलं, आत फडकं फिरवलं, दाणे ओतले आणि पिशवीची घडी करून रद्दीत टाकली. मग पुरचुंडीत लवंगा बांधायला लागली.

"अगं, लवंगा नको. लवंगेचं तेल मांजराला बाधतं."

"मग बोरिक पावडर चोळते."

"आई, तांदूळ आपण धुऊन खातो. ठमी दाणे धुऊन खात नाही."

हा मुद्दा तिला पटला, पण दुखावलीच. शेवटी कडुनिंबाच्या पाल्यावर तडजोड झाली. ठमीने पहिल्याच दिवशी वाडगं हुंगलं आणि असा चेहरा केला, की पाला आईने स्वतःच काढला.

पहिले बारा-पंधरा दिवस बरे गेले. मग ठमी दाण्यांपाशी बसून आमच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, लाडावलीय. आईला वाटलं, दृष्ट लागली, आणि तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. एक दाणा मोडून बघावा, हे दोघांनाही चार दिवस सुचलं नाही. मोडला तर तो कट् वाजून तुटायच्या ऐवजी नुसता वाकला. चक्क सादळला होता. पिंपात डोकं घातलं, तर गेल्या दिवाळीच्या शेवेचा वास. तळाशी तांदळाच्या जुन्या पिठात पोरकिडे सुखाने नांदत होते आणि कडेचे दाणे एकमेकांना चिकटून त्यांवर पांढरट लव आली होती.

"उन्हं दाखवू," आई म्हणाली. ऊन पंधरा दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं, ते सोडा.

"मग कढईत परतते."

तेवढ्यात मी आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी परतण्याचा बेत हाणून पाडला. बुरशी कढईत मरेल, पण तिने सोडलेलं विष परतून जात नाही आणि ते मांजराच्या यकृतावर जातं. वरची लव पुसून उरलेले घालणं, हेही चालणार नाही. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी आईपर्यंत पोचवलं, पण धान्याच्या भाषेत ते तिला कळेना. मग मी म्हणालो, "आई, हे धान्य नाही. हा चिवडा आहे."

तिथे तिची ट्यूब पेटली. दाण्यांवर बाहेरून चरबी फवारलेली असते, त्या वासावर तर मांजर येतं. ती हवेने आणि उकाड्याने खवट होते, आणि आतला कोरडा दाणा दमट हवा पितो. धान्याला ऊन देतात, चिवड्याला कोण देतं? आणि चिवड्याचा डबा न धुता कोणी नवा चिवडा ओतत नाही, कारण डब्याला लागलेलं जुनं तेल नव्यालाही बिघडवतं. हे सगळं आईला माझ्याहून जास्त माहीत होतं, फक्त दाणे चिवड्याच्या जातीचे आहेत एवढं तिला कोणी सांगितलं नव्हतं. "मग एवढा चिवडा आणलास कशाला? पावसाळ्यात सहा महिन्यांचा चिवडा कोणी करतं का?" यावर माझ्याकडे सवलतीशिवाय उत्तर नव्हतं.

आता घरात सव्वा किलोची पिशवी येते. महिन्याभरात संपते. दाणे पिशवीतच राहतात, कारण तिला आतून तेल-हवा अडवणारा थर असतो आणि तारीख नि बॅच क्रमांकही तिच्यावरच. उद्या मांजर आजारी पडलं, तर डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न तोच विचारणार. आई आतली हवा दाबून काढते, तोंड दुमडून चिमटा लावते आणि पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात उभी करते. आठवड्याचे दाणे छोट्या बरणीत वेगळे, म्हणजे मोठा डबा रोज उघडायला नको. डबा ओट्याखालच्या थंड कप्प्यात. आधी फ्रिजच्या डोक्यावर असायचा, तिथे तर मागून ऊब येते. दाणे फ्रिजच्या आत ठेवायचीही सोय नाही. थंडगार डबा बाहेर दमट हवेत उघडला, की दाण्यांना घाम फुटतो.

फ्रिजवर हक्क फक्त ओल्या पाऊचचा, आणि तिथे खरं महाभारत झालं. ठमी अर्धं पाऊच सकाळी खाते, अर्धं संध्याकाळी. पूर्वी मी सगळं एकदम वाढायचो, खाईल हळूहळू. या हवेत तासाभराने ते खाणं उचलावंच लागतं. त्या आत मुंग्यांना खबर लागते, ती वेगळी. वाडगं पाण्याच्या ताटलीत ठेवलं, की मुंग्या काठावर थांबतात. जंतू मात्र थांबत नाहीत.

म्हणून उरलेलं लगेच झाकणाच्या काचेच्या डबीत, फ्रिजमध्ये. आमचं घर शाकाहारी. पाऊच ट्यूनाचं. संकष्टीच्या दिवशी मोदकाच्या सारणाशेजारी ट्यूना, म्हणजे काय झालं असेल ते सांगत नाही. तह असा ठरला, की सगळ्यात खालचा कोपरा ठमीचा, चमचा वेगळा, डबीवर तारखेची चिठ्ठी. दोन दिवस झाले की आई न विचारता टाकते. ट्यूना घरात जितका कमी, तितकं तिला बरं.

बाईसाहेबांना गारढोण ट्यूना चालत नाही. गार खाण्याला वास येत नाही, आणि वास नाही म्हणजे तिच्या लेखी ते खाणंच नाही. म्हणून लागेल तेवढं वाटीत काढून ती वाटी कोमट पाण्यात पाच मिनिटं. एकदा गरम केलेलं मात्र परत फ्रिजात जात नाही, तेव्हा वाटीभरच काढायचं. वीज गेली, तर फ्रिज उघडायचा नाही. बंद राहिला तर चारेक तास निभावतो. मागच्या पावसात वीज रात्रभर गेली आणि मी दर अर्ध्या तासाने दार उघडून गारवा आहे का ते पाहत होतो. सकाळी गारवाही नव्हता आणि ट्यूनाही गेला.

राहिलं पिंप. सहा-साडेसहा किलो. आईच्या हातून अन्न टाकवत नाही. "गल्लीतल्या मांजरांना घाल," म्हणाली. पण विष ठमीला लागतं तसं गल्लीतल्यांनाही लागणारच. घंटागाडीची घंटा वाजली तसा मी गोणी घेऊन धावलो. गाडीवाल्या दादांनी हात आडवा केला.

"ओला का सुका?"

मी गोणीकडे बघत उभा राहिलो. मागून आईचा आवाज आला, "सुका होता हो, आता ओला झालाय."