प्रबंधातील उसना डेटा आणि ‘संदर्भ कशाला?’ हा प्रश्न

“डेटा म्हणजे काही मजकूर नव्हे. आकड्यांवर कोणाची मालकी नसते आणि सॉफ्टवेअरमध्ये ते पकडलेही जात नाहीत. हवामान खात्याचा डेटा तर सर्वांचाच आहे. आपल्याच प्रयोगशाळेतल्या सीनियरची रीडिंग्ज वापरली तर ती घरातलीच गोष्ट झाली. ऋणनिर्देशात नाव घातले की पुरे, प्रबंधात डेटाला वेगळा संदर्भ देण्याची गरज नाही.”

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडून असा युक्तिवाद ऐकू येतो. त्यातला मालकीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे. परभणीला अमुक दिवशी इतके मिलिमीटर पाऊस पडला, या नुसत्या नोंदीवर कोणी कॉपीराइट सांगू शकत नाही. परंतु वाङ्मयचौर्य हा काही कॉपीराइटभंगाचा पोटप्रकार नव्हे. पहिल्यात प्रश्न श्रेयाचा असतो आणि दुसऱ्यात परवानगीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे अशी आहे, आणि तीत ‘काम’ हा शब्द आहे, ‘मजकूर’ नव्हे. अमेरिकेत सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधनाला लागू असलेल्या व्याख्येत तर कल्पना, प्रक्रिया आणि शब्द यांच्याबरोबर ‘निकाल’ असा शब्दच घातलेला आहे. तेव्हा दुसऱ्याने मोजलेला आकडा स्वतःचा म्हणून मांडणे या व्याख्यांच्या बाहेर राहते, असे म्हणायला जागा नाही.

सॉफ्टवेअरविषयीचा समज याच विनियमांच्या अर्धवट वाचनातून आला असावा. त्यांत समानतेच्या टक्केवारीनुसार स्तर ठरवले आहेत: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. ही टक्केवारी जुळणाऱ्या शब्दांची आहे. एखाद्या तक्त्यातील सगळे आकडे उचललेले असले तरी ती २ टक्के दाखवू शकते, कारण तिच्याकडून आकड्यांच्या उगमाची तपासणी अपेक्षितच नाही. मात्र त्याच विनियमांनुसार विद्यार्थ्याला प्रबंध आपले मूळ काम असल्याचे आणि त्यात वाङ्मयचौर्य नसल्याचे हमीपत्र द्यावे लागते. त्या हमीपत्रावरची सही प्रत्येक तक्त्याला लागू असते, मग यंत्राने तो तक्ता वाचलेला असो वा नसो.

आता हवामान खात्याच्या डेटाकडे वळू. ‘सर्वांना खुला’ आणि ‘कोणीच केलेला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारत सरकारच्या २०१७ च्या खुल्या डेटा परवान्यातसुद्धा डेटा वापरणाऱ्याने पुरवठादार, स्रोत आणि परवाना यांचा स्पष्ट उल्लेख करावा अशी अट आहे. पण परवाना क्षणभर विसरून जाऊ. संदर्भाची खरी निकड वेगळ्याच कारणाने आहे, आणि ती भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने तयार केलेल्या चौकटबद्ध, म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक चौकटीचा पाऊस देणाऱ्या, पर्जन्यडेटाच्या उदाहरणावरून चांगली दिसते.

‘हवामान खात्याचा पर्जन्यडेटा वापरला’ एवढेच लिहिलेले असते, तेव्हा वाचकाला नेमका कोणता डेटा हे कळत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संचात १,८०३ केंद्रांच्या नोंदी होत्या आणि त्याची चौकट १ अंश बाय १ अंश होती. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘मौसम’ या नियतकालिकात मांडलेल्या संचात ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या आहेत आणि चौकट पाव अंशाची, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरची आहे. पहिल्या संचाच्या एका चौकटीत दुसऱ्याच्या १६ चौकटी मावतात. समजा, मराठवाड्यात एखाद्या दिवशी या सोळांपैकी एकीत १६० मिलिमीटर आणि उरलेल्या पंधरांत प्रत्येकी ४० मिलिमीटर पाऊस झाला. ढोबळ हिशेबासाठी साधी सरासरी धरली, तर मोठ्या चौकटीच्या वाट्याला ४७.५ मिलिमीटर येतात. हवामान विभागाच्या वर्गवारीत मुसळधार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. म्हणजे एका संचात जो दिवस अतिमुसळधार ठरला, तो दुसऱ्यात मुसळधारही नाही. ‘अतिवृष्टीच्या दिवसांत वाढ’ असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधाने संच, चौकट आणि कालखंड सांगितला नाही, तर तो निष्कर्ष तपासताच येत नाही. शिवाय २०१४ च्या संचात नोंदी देणाऱ्या केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलत गेली आहे, आणि तो बदलच कधीकधी पावसाच्या बदलासारखा दिसू शकतो. दिलेल्या संदर्भावरून परीक्षकाला हे तरी विचारता येते.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतो तो ‘घरातली गोष्ट’ हा भाग, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते आणि ते करणाऱ्याला बहुधा आपण काही वावगे करत आहोत असे वाटतही नसते. कृषी विद्याशाखेतले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी सोयाबीनवर एका जैविक खताची चाचणी घेत आहे. खत दिलेले तीन प्लॉट तिने यंदा पेरले आणि त्यांचे हेक्टरी उत्पादन १७.१, १६.५ आणि १७.७ क्विंटल आले. खत न दिलेले कंट्रोल प्लॉट मात्र जागेअभावी पेरता आले नाहीत. मार्गदर्शकांनी सांगितले, “सीनियरचे दोन वर्षांपूर्वीचे कंट्रोल आहेत ना, तेच घे.” ते आकडे १४.२, १३.६ आणि १४.८ क्विंटल असे होते. सरासरीतला फरक २.९ क्विंटल, म्हणजे जवळजवळ २० टक्के वाढ. प्रबंधात ‘प्रयोग यादृच्छिक गट रचनेत तीन पुनरावृत्तींसह करण्यात आला’ असे वाक्य आले आणि तक्त्यात सहाही आकडे शेजारी शेजारी बसले.

हे नुसते श्रेय चुकवणे नव्हे. यादृच्छिक गट रचनेत खत दिलेला आणि न दिलेला प्लॉट एकाच गटात, एकाच हंगामात आणि चिठ्ठी टाकून ठरवलेल्या जागी असावे लागतात, आणि विचरण विश्लेषणाचा सगळा आधार त्यावरच असतो. इथे यंदाच्या गटांत कंट्रोल प्लॉटच नाहीत. यंदाचा पाऊस बरा असल्यामुळे कंट्रोलनेही १६.४ क्विंटल दिले असते, तर खताचा परिणाम ०.७ क्विंटल, म्हणजे साधारण ४ टक्केच उरला असता. दोन हंगामांतला फरक खताच्या नावावर जमा झाला. सीनियरच्या प्रबंधाचा संदर्भ दिलेला असता, तर परीक्षकाला पहिल्याच वाचनात हंगाम वेगळा असल्याचे कळले असते आणि चर्चा तिथेच सुरू झाली असती. संदर्भ गाळल्यामुळे पद्धतीच्या प्रकरणातले वाक्यच खोटे ठरले, आणि म्हणून प्रकरण वाङ्मयचौर्यापाशी न थांबता डेटाच्या विपर्यासापर्यंत जाते.

दुसरे नुकसान पुढच्या अभ्यासकाचे. उद्या कोणी याच खतावरील सर्व प्रबंध एकत्र करून एकत्रित विश्लेषण केले, तर त्याला सीनियरचे तीन आणि या विद्यार्थिनीचे तीन असे सहा स्वतंत्र कंट्रोल प्लॉट दिसतील. प्रत्यक्षात ते तीनच आहेत. प्रमाण त्रुटी नमुनासंख्येच्या वर्गमुळाने घटते, त्यामुळे त्या कंट्रोलच्या सरासरीतील अनिश्चितता असायला हवी त्यापेक्षा सुमारे ३० टक्के कमी दिसेल, आणि मूळ संदर्भ नसल्याने चूक शोधायलाही मार्ग राहणार नाही.

आणि हे उघडकीला कसे येते? सॉफ्टवेअरने नव्हे, माणसाने. एकाच विभागातले दोन प्रबंध शेजारी ठेवले की कंट्रोलची सरासरी १४.२ आणि प्रमाण विचलन ०.६० दोन्हीकडे जसेच्या तसे दिसते. शेतातल्या मोजमापात तिन्ही प्लॉट दशांशापर्यंत जुळणे हा योगायोग म्हणून कोणी मान्य करत नाही. पुढचा प्रश्न व्हायवाला येतो: प्रक्षेत्र नोंदवही दाखवा, पेरणीची आणि कापणीची तारीख सांगा. तीन प्लॉटच्या तारखा त्यात सापडतात, उरलेल्या तिन्हींच्या सापडत नाहीत.

स्वतःच्याच आधीच्या प्रबंधातला किंवा प्रसिद्ध लेखातला डेटा पुन्हा वापरण्यालाही तेच लागू आहे. स्वतःचे प्रसिद्ध काम पुरेशा संदर्भाशिवाय पुन्हा वापरणे मान्य नाही, असे आयोगाने २०२० च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

ऋणनिर्देशाने हे का भागत नाही, हे आता वेगळे सांगायला नको, पण एक गोष्ट सांगतो. ‘रीडिंग्जसाठी मदत करणाऱ्या सर्व सीनियर्सचे आभार’ या वाक्यावरून कोणता तक्ता कोणाचा, कोणत्या हंगामाचा, किती प्लॉटचा, यांपैकी काहीच कळत नाही. उलट, ‘मदत केली’ म्हटल्याने मोजणी मुळात संशोधकाचीच होती असा समज होतो. संदर्भ तीन ठिकाणी हवा: पद्धतीच्या प्रकरणात वाक्यात, तक्त्याच्या खाली टीप म्हणून आणि संदर्भसूचीत. तक्त्याखालची टीप अशी असू शकते: ‘कंट्रोल प्लॉटचे आकडे प्रस्तुत प्रयोगातील नाहीत, ते अमुक यांच्या अमुक वर्षीच्या एम.एस्सी. प्रबंधातील तक्ता ४ मधून, त्यांच्या व मार्गदर्शकांच्या लेखी परवानगीने घेतले आहेत.’ परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण अप्रकाशित आकड्यांच्या बाबतीत संदर्भ दिल्याने परवानगीची गरज संपत नाही. संग्रहातून उतरवलेल्या डेटासंचासाठी संदर्भसूचीत निर्माते, वर्ष, संचाचे नाव, आवृत्ती, संग्रहाचे नाव आणि डीओआय एवढे हवे. ज्याची फाइल वेळोवेळी अद्ययावत होते, त्याची ती उतरवल्याची तारीखही लिहावी. पावसाच्या संचाचा उल्लेख करताना ज्या लेखात तो मांडला त्याचा संदर्भ द्यावा आणि कोणत्या वर्षांच्या फाइली वापरल्या हे पद्धतीत सांगावे.

प्रत्येक राहून गेलेला संदर्भ गैरवर्तनच असतो, असे मी म्हणत नाही. पद्धतीत संचाचे नाव नीट दिलेले आहे आणि सूचीतली एक नोंद गळली, तर ती दुरुस्त करण्याजोगी चूक आहे. प्रामाणिक चूक आणि जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेली लपवाछपवी यांत चौकशीतही फरक केला जातो. गुरुत्वत्वरणाच्या मूल्याला किंवा पाण्याच्या घनतेला संदर्भ मागणारा परीक्षक मला अजून भेटलेला नाही. मात्र ‘संशोधकाने स्वतः मोजले’ या वाक्याखाली दुसऱ्याचे आकडे आले, तर नजरचुकीचा बचाव टिकणे अवघड असते. प्रबंध अजून सादर झालेला नसेल, तर प्रत्येक तक्त्यासमोर पेन्सिलीने मोजणाऱ्याचे नाव आणि मोजल्याची तारीख लिहून पाहावी. जिथे दुसऱ्याचे नाव येईल तिथे टीप घालावी, आणि ज्या तक्त्यासमोर कोणाचेच नाव लिहिता येत नाही तो तक्ता प्रबंधातून काढून टाकावा.