शाळेचा व्हिडिओ एप्रिलमध्ये शूट करताना

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेशासाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलंय. मी देवगड तालुक्यात लग्नाचे व्हिडिओ करतो, मुलगी त्याच शाळेत तिसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीतही आहे. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण गेले दहा दिवस स्क्रिप्टवर जे चाललंय ते लिहावंसं वाटलं, कारण आजूबाजूच्या गावांतही सध्या असेच व्हिडिओ बनतायत.

पहिला मसुदा बाईंनी आणि गुरुजींनी मिळून लिहिला होता. 'निसर्गरम्य परिसर, सुसज्ज संगणक कक्ष, प्रशस्त क्रीडांगण, तज्ज्ञ शिक्षकवृंद.' एकूण ३१० शब्द. मराठी निवेदन न धावता वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे नुसतं वाचायलाच अडीच मिनिटांच्या वर लागली असती. दीड मिनिटात १५० शब्द बसवले की मधे श्वास घ्यायला आणि मुलांचा आवाज ऐकू यायला जागा राहते. म्हणून अर्धे शब्द काढायचेच होते. प्रश्न होता कुठले काढायचे.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. उजवीकडच्या प्रत्येक वाक्यासमोर डावीकडे कॅमेऱ्यात काय दिसेल ते लिहायचं, आणि काही लिहिता आलं नाही तर ते वाक्य जाणार. 'तज्ज्ञ शिक्षकवृंद' तिथेच गेला. 'सुसज्ज संगणक कक्ष' लिहिताना गुरुजी स्वतःच थांबले. संगणक चार आहेत, त्यातले दोन चालू होतात. आता वाक्य असं आहे: 'दोन संगणक चालतात. चौथी-पाचवीची मुलं आठवड्यातून दोनदा जोडीने बसतात. वीज नसली तर त्या दिवशी तास होत नाही.' डावीकडे दोन मुली एका संगणकावर. आकडा लहान झाला, पण त्यामुळे ऐकणाऱ्या आईला आपलं मूल तिथे बसलेलं दिसतं.

प्रशस्त क्रीडांगणाशी मात्र मी बराच वेळ अडलो. मैदान मोठंच आहे, जांभ्याची सपाट पाटी, कडेला आंब्याची दोन झाडं. एप्रिलच्या सकाळी साडेसातच्या उन्हात ते इतकं सुंदर दिसतं की कुठलाही कॅमेरावाला तिथूनच सुरुवात करेल. पण शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर, आणि तोवर तिथे चिखल झालेला असतो. कातळ शेवाळतो, मुलं घसरतात, म्हणून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत खेळ पडवीत होतात. म्हणजे एप्रिलचं मैदान दाखवून मी एकही खोटं वाक्य न बोलता खोटं बोललो असतो. कोकणात शूटिंग नेहमी कोरड्या दिवसांत होतं आणि प्रवेश घेणारं मूल शाळा पहिल्यांदा बघतं ती पावसात. ही फसवणूक कुणी ठरवून करत नाही, ती कॅमेऱ्यातून आपोआप होते. म्हणून गेल्या जुलैत बाईंनी फोनवर घेतलेली चित्रणं मागून घेतली. चित्र हलतंय, उजेड कमी आहे, पण पडवीला लावलेल्या झडी दिसतात, पागोळ्यांचा आवाज येतो आणि मुलं भिंतीला टेकून सागरगोट्यांसारखं काहीतरी खेळतायत. आता मैदान चार सेकंद आणि पडवी आठ सेकंद. दोन्हींच्या कोपऱ्यात महिना लिहिलाय, 'एप्रिल' आणि 'जुलै'.

मग पालकांशी बोललो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, म्हणून माणसं हाताशीच होती. शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींचा एकच प्रश्न होता: "माझो झील पावसात व्हाळ कसो ओलांडतलो?" स्क्रिप्टमध्ये व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, नावच नव्हतं! त्यांच्या वाडीतून येताना त्यावरचा छोटा पूल, साकव, लागतो. मोठ्या पावसात वर्षातले काही दिवस त्यावरून पाणी जातं, आणि त्या दिवशी पलीकडची मुलं शाळेत येत नाहीत. बाई सकाळी फोन करून सांगतात आणि बुडालेला अभ्यास दुसऱ्या दिवशी घेतात. गाडी आमच्या शाळेकडे नाही. तालुक्याच्या शाळेची पिवळी गाडी डांबरी रस्त्यावर येते, हे सगळे बघतात. मी हे तसंच निवेदनात घातलं. गुरुजींना वाटलं, स्वतःच्या तोंडाने कशाला सांगायचं? मला वाटतं, वाडीतल्या प्रत्येकाला साकव ठाऊक आहे. आपण त्याबद्दल गप्प राहिलो तर बाकीची वाक्यंही त्यांना खोटीच वाटतील.

सगळ्यात अवघड होती शिक्षकांची संख्या. पहिली ते पाचवी मिळून ३४ मुलं आणि दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यात ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरले आहेत, म्हणजे कुठे काही चुकलेलं नाही. पण 'सतरा मुलांमागे एक शिक्षक' असं सांगितलं असतं तर आकडा बरोबर आणि चित्र चुकीचं झालं असतं, कारण बाईंकडे पहिली-दुसरी आहे आणि गुरुजींकडे तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत. हे व्हिडिओत कसं दाखवायचं? मी एक पूर्ण तास मागे बसून बघितला. बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली होती. डाव्या बाजूला पहिलीची अक्षरं, उजवीकडे दुसरीच्या वजाबाक्या. दुसरीची मुलं लिहीत होती तेव्हा बाई पहिलीला वाचून दाखवत होत्या. वजाबाकी झालेली एक मुलगी उठून पहिलीतल्या मुलाजवळ जाऊन बसली आणि त्याचं बोट अक्षरावर फिरवू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेच वीस सेकंद घेतलेत, वर निवेदन फक्त एवढं: 'दोन इयत्ता, एक खोली, एक बाई. एका इयत्तेला शिकवताना दुसरी आपलं काम करते. हळू शिकणाऱ्या मुलाला थांबावं लागतं, हेही खरं.' शेवटचं वाक्य बाईंनी स्वतः घातलं.

इंग्रजीबद्दल सरळ सांगितलंय. माध्यम मराठी, इंग्रजी विषय पहिलीपासून. शाळेच्या नावात 'इंग्लिश' घालून काही मिळत नाही.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. निवेदन मैदानात घ्यायला गेलो तर खाऱ्या वाऱ्याने माईक फडफडला, म्हणून कार्यालयात खिडक्या लावून, टेबलावर गोधडी टाकून घेतलं. मुलांच्या पालकांच्या सह्या आधी घेतल्या, आणि ज्या एका आईने नको म्हटलं तिचं मूल कुठल्याही चौकटीत नाही. बरेच जण फोन आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून खाली मोठ्या अक्षरांत मजकूर आहे. शेवटी दोन ओळी: '३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत येऊ शकतं. जन्मदाखला हाती नसला तरी प्रवेश अडत नाही.'

शेवटचं दृश्य अजून ठरत नव्हतं. निर्णय पुष्कळदा मुंबईला असलेल्या वडिलांचा असतो, आणि चाकरमानी गावाला येतात मे महिन्यात, तेव्हा शाळेला कुलूप. काल बाई म्हणाल्या, मेमध्ये मंगळवारी आणि शनिवारी सकाळी दहा ते बारा मी येऊन बसेन. आता शेवटी निवेदन नाही. बाई कुलूप काढतात, दार आत ढकलतात, आणि पडद्यावर ते दोन वार आणि ती वेळ.