काडी लाल राहते का, ते बघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

गरोदरपणात केशर-दूध प्यायल्याने बाळ गोरं होत नाही, आणि केशरातली भेसळ कशी ओळखायची, असा लेख मी लिहिला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली: "ताई, चार पुस्तकं वाचली म्हणून आजी-पणजींना अडाणी ठरवू नका. माझ्या सासूबाईंनी नऊ महिने केशर-दूध दिलं आणि मुलगी गोरीपान झाली, हा पुरावा नाही का? शिवाय पहिल्या मिनिटात पाण्याला रंग आला तर भेसळ, हेही चूक. आमच्या खात्रीच्या दुकानातल्या केशराचाही रंग लगेच दिसतो. केशर उष्ण असतं, ते तर तुम्ही लिहिलंच नाही. स्वतःला मूल झालंय का तुम्हाला?"

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. हो, झालंय. दोन मुलं आहेत. पण नसती, तरी हा प्रश्न असा विचारायचा नसतो. मूल होण्याची वाट बघणाऱ्या कितीतरी जणी इथे वाचायला येतात, लिहिताना त्यांचा तरी विचार करायचा होता. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

'अडाणी' हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. तो तुमचा आहे. माझी आजी केशर चमचाभर कोमट दुधात भिजवून, छोट्या खलात घोटून द्यायची. "पोटुशीला दूध नकोसं होतं, वासाने तरी जाईल पोटात," एवढंच तिचं म्हणणं असायचं. गोरेपणाची भाषा माझ्या कानावर आली ती पहिल्या वेळी, डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांकडून. पहिल्या खेपेला मी पाचव्या महिन्यापासून रोज केशर-दूध प्यायले, मुलगा त्याच्या बाबांसारखा सावळा आहे. दुसऱ्या खेपेला सातव्यातच सोडलं, मुलगी उजळ आहे. तुमच्या एका मुलीवरून गोष्ट सिद्ध होत असेल, तर माझ्या दोघांवरून तिच्या उलट सिद्ध होते. पुरावा म्हणून हे दोन्ही चालणार नाही, एवढं तरी मान्य करा.

कातडीचा रंग ठरतो तो मेलॅनिनवर, आणि बाळाच्या अंगात ते किती तयार होणार हे आई-वडिलांकडून आलेली जनुकं ठरवतात. केशराला रंग देणारं द्रव्य म्हणजे क्रोसिन. गाजराच्या रंगाच्याच कुळातलं. आईच्या आतड्यात त्याचं विघटन होतं. बाळाचं मेलॅनिन कमी करण्याचं काम ते करत नाही, जसं गाजरही करत नाही. मग हा समज टिकला कसा? जन्मलेलं बाळ फिकट, गुलाबी दिसतं. मेलॅनिन पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत वाढत जातं आणि खरा रंग तेव्हा उतरतो. बारसं असतं बाराव्या दिवशी. त्या दिवशी पाळण्यात डोकावणाऱ्या प्रत्येकीला केशर लागू पडलेलंच दिसतं. सहा महिन्यांनी कोणी हिशोब करायला येत नाही.

उष्ण की थंड, या वादात मी पडत नाही. मात्रेचं मात्र सांगते. एका ग्रॅममध्ये साधारण ४५० ते ५०० काड्या भरतात, म्हणजे एक काडी दोन मिलिग्रॅमच्या आसपास. चार काड्यांच्या दुधात झालं आठ मिलिग्रॅम. इराणमध्ये सौम्य आणि मध्यम नैराश्याच्या रुग्णांना रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क काही आठवडे देऊन बघितला, तेव्हा थोडा फरक दिसला. पण ते प्रयोग छोटे होते आणि गर्भवतींवरचे नव्हते. तिथेच निरोगी माणसांना रोज २०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या आठवडाभर दिल्या, तर २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या दोन बायकांना अवेळी रक्तस्राव झाला. २०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे शंभर काड्या. म्हणून दोन-चार काड्यांना मी घाबरवलं नाही, आणि 'जास्त घातलं तर जास्त गुण' असं समजून चिमूटचिमूट घालणाऱ्यांना अडवलं. लेखात हेच होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतं तर.

एक चूक माझी. 'पहिल्या मिनिटात' हे मी ढिसाळ लिहिलं. अस्सल केशरही कोमट पाण्यात मिनिटभरात फिकट पिवळा रंग सोडतं. ते वाक्य दुरुस्त केलं आहे. पण बघायचं असतं ते रंग कोणता सुटतो आणि काडीचं पुढे काय होतं, हे. यावर तुम्ही एक वाक्य लिहून मोकळ्या झालात. मी ते सातव्या महिन्यात शिकले आहे.

दुसऱ्या खेपेला डोहाळजेवणात एक डबी भेट आली. वर केशराच्या फुलाचं चित्र, आत गडद लाल काड्या. जाऊबाईंनी दुधात घातलं आणि दूध नारिंगी-गुलाबी झालं. मला ते बघूनच पिववेना. आम्ही दोन वाट्यांत कोमट पाणी घेतलं. एकीत त्या डबीतल्या पाच काड्या, दुसरीत घरातल्या जुन्या डबीतल्या पाच. नव्या काड्यांतून शाई सुटावी तसा लाल रंग खाली उतरला. पाच मिनिटांत पाणी लालसर आणि काड्या मळकट पांढऱ्या. दोन बोटांत चोळली तर काडीचा लगदा झाला. चव गोडसर, वास अत्तरासारखा. दुसऱ्या वाटीत पाणी हळूहळू सोनेरी पिवळं होत गेलं, तासाभराने आणखी गडद झालं, आणि काड्या अजून लाल होत्या. चावून बघितली तर कडसर, वास वाळल्या गवताचा आणि मधाचा.

भिजलेल्या काड्या पांढऱ्या ताटलीत पसरल्यावर फरक आणखी स्पष्ट झाला. खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं रुंद, कडेला बारीक दातेरी. तो फुलाच्या स्त्रीकेसराचा शेंडा. डबीतल्या काड्या दोन्ही टोकांना सारख्याच, दोऱ्यासारख्या: मक्याच्या कणसाचे केस, रंगवलेले. करडईच्या पाकळ्या असत्या तर पाण्यात फुलून शेंड्याला पाच फाटे दिसले असते. तो रंग खाण्याचा होता की कपड्याचा, हे घरात कळायला मार्ग नाही. केशराच्या भेसळीत दोन्ही सापडले आहेत. सातव्यातच दूध सोडलं ते यामुळे.

या परीक्षेलाही मर्यादा आहे, कारण सगळी भेसळ कणसाच्या केसांची नसते. काडीच्या बुडाचा पिवळा देठ रंगवून लाल करतात, तेव्हा आकार अस्सलच दिसतो. वजन वाढवायला तेल किंवा ग्लिसरीन चोळतात. ते कागदात दाबलं की डाग पडतो. म्हणून थोडा पिवळा देठ दिसणारं केशर, काश्मिरी लोक ज्याला लच्छा म्हणतात, ते मला एकसारख्या लालभडक काड्यांपेक्षा बरं वाटतं, कारण पिवळा भाग पिवळाच आहे हे डोळ्यांना दिसतं. पूड तर घेऊच नये, तिचा आकार तपासताच येत नाही.

दुकान खात्रीचं आहे, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही. मला आलेली डबीही कुणीतरी खात्रीनेच घेतली होती. आज रात्री तुमच्या डबीतल्या पाच काड्या कोमट पाण्यात टाका, दुधात नको, दुधात रंग नीट कळत नाही. तासाभराने पाण्याचा रंग आणि काडीचा रंग, दोन्ही इथे लिहा.