पी-व्हॅल्यू ०.११ आली म्हणून थंबनेल फेकायचं नसतं

दुपारी मैत्रिणीचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. ती सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ करते, चॅनल छोटं आहे. एका व्हिडिओला तिने दोन थंबनेल लावून पाहिली. एकात तिचा हसरा चेहरा. दुसऱ्यात ग्रीसने माखलेली बोटं आणि त्यांत धरलेली, टोकाला तारा पिंजून गेलेली गिअरची केबल. दोन्ही ४००-४०० वेळा दिसली. चेहऱ्यावर १६ क्लिक, केबलवर २६. म्हणजे ४ टक्के आणि ६.५ टक्के. कुणा जाणकाराने तिला ऐकवलं, "पी-व्हॅल्यू ०.११ आहे, सिग्निफिकंट नाही, दोन्ही सारखीच." आणि या बाईने मुकाट्याने चेहरा परत लावला!

सारखीच? हे कुठून काढलं? ०.११ चा अर्थ एवढाच, की दोन्ही थंबनेल खरोखर सारखी असती तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातल्या अकरा वेळा दिसला असता. त्याच आकड्यांची ९५ टक्क्यांची कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढा, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा: केबल अर्ध्या पॉइंटने मागे असू शकते, तशीच साडेपाच पॉइंटने पुढेही असू शकते. याला "अजून ठरत नाही" म्हणतात, "फरक नाही" नव्हे. ४ आणि ५ टक्क्यांतला फरक नेहमीच्या निकषांनी पकडायचा तर प्रत्येक थंबनेलला सुमारे ६,७०० इम्प्रेशन लागतात, म्हणजे ते तितक्या वेळा दिसावं लागतं. छोट्या चॅनलने ती आणायची कुठून? तोवर व्हिडिओ जुना होतो.

बरं, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली तरच फरक मानणाऱ्या फ्रीक्वेंटिस्ट मंडळींचं एक मान्य. दिवसाला डझनावारी चाचण्या लावणाऱ्याला असा कडक उंबरठा हवाच, नाहीतर तो योगायोगांच्याच मागे धावत बसेल. पण तिला एका व्हिडिओला एक चित्र निवडायचंय.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांचा तर जास्तच राग येतो. तेच आकडे बेझियन कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे आधीचा अंदाज आणि नवे आकडे जोडून शक्यता सांगणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकले की "केबल सरस असण्याची शक्यता ९४ टक्के" असं झळकतं, आणि लगेच "चेहरे चालत नाहीत" असा सिद्धांत तयार! अहो, तो चाचणीआधीचा अंदाज म्हणजे प्रायर, आणि त्या कॅल्क्युलेटरने तो कोरा धरलाय. म्हणजे तिचा सीटीआर, दिसण्यामागे क्लिकचं प्रमाण, ५ टक्के असणं आणि ६० टक्के असणं त्याच्या लेखी सारखंच शक्य. साठ टक्के! अशा कोऱ्या प्रायरवर ते ९४ म्हणजे जवळपास तीच ०.११, अर्धी करून एकातून वजा केलेली. नवीन माहिती शून्य.

खरी माहिती तिच्याकडे आधीपासून होती. तिच्या जुन्या व्हिडिओंचे सीटीआर बहुतेक साडेतीन ते साडेसहा टक्क्यांत, मधोमध ५. हे हिशोबात घ्यायचं तर प्रत्येक थंबनेलच्या खात्यात आधीच १,००० इम्प्रेशन आणि ५० क्लिक जमा धरायचे. मग चेहरा होतो १,४०० पैकी ६६, म्हणजे ४.७ टक्के. केबल ७६, म्हणजे ५.४. अडीच पॉइंटचा फरक पाऊण पॉइंटच्याही आत आला, आणि ९४ टक्क्यांची खात्री ८० वर उतरली.

हो, प्रायर कुणी मनाचा घुसडू शकतो. म्हणूनच तो चाचणीआधी लिहून ठेवायचा, निकाल बघून नाही. आणि हे ८० सुद्धा थोडं फुगलेलंच समजा, कारण एकाच माणसाला तेच थंबनेल अनेकदा दिसतं, त्यामुळे ४०० इम्प्रेशन म्हणजे ४०० वेगळे प्रेक्षक नव्हेत. रोज डोकावून आकडा आवडला त्या दिवशी चाचणी थांबवायची, यातून तर बेझियन पद्धतही वाचवत नाही, विशेषतः प्रायर कोरा असेल तर.

तरीही निर्णय सोपा आहे, म्हणून तर जीव तुटतोय. दोन्ही चित्रं तयार आहेत, बदलायला खर्च नाही. केबल ठेवली तर १,००० इम्प्रेशनमागे सरासरी सात क्लिक जास्त मिळण्याची अपेक्षा. ती चुकीची निघण्याची जी २० टक्के शक्यता आहे, तिचं सरासरी नुकसान धरलं तर १,००० मागे एक क्लिकसुद्धा भरत नाही. एवढ्या स्वस्त निर्णयाला ०.०५ चा उंबरठा कशाला हवा? उद्या प्रत्येक व्हिडिओसाठी पैसे देऊन फोटोग्राफर बोलवायचा प्रश्न असता, तर मीच म्हटलं असतं, ८० टक्के पुरेसे नाहीत, थांब.

बाई गं, हे वाचत असशील तर केबल परत लाव. ती बोटं, त्या पिंजलेल्या तारा बघून ज्याची केबल तुटलीय तो थांबेल असं मला मनापासून वाटतं, पण माझं वाटणं बाजूला ठेव. पुढच्या व्हिडिओंतही चेहरा आणि बिघडलेला भाग हीच जोडी लाव. फिकट निळा की गडद निळा असले बारीक फरक तुझ्या आकड्यांत कधीच दिसणार नाहीत. प्रत्येक निकाल वहीत लिही, फसलेलेसुद्धा, आणि आजचा हिशोब पुढच्या चाचणीचा प्रायर म्हणून वापर.