फायरवॉल राहू द्या, अ‍ॅप तपासा

«टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरला माउस-कीबोर्ड लागतच नाही. कुठलंही वायफाय माउस अ‍ॅप टाका. कनेक्ट होत नसेल तर विंडोजचा फायरवॉल बंद करा, काही होत नाही. मग सगळं फोनवरून चालतं.»

हा मेसेज परळला मावशीकडे पोचला आणि तिच्या मुलाने लगेच तसं करूनही टाकलं. त्यांच्या वायफायचा पासवर्ड चाळीतल्या निम्म्या मजल्याला ठाऊक आहे. त्यामुळे आधी त्या ‘काही होत नाही’बद्दल. फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरकडे येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी.

या अ‍ॅपचा एक भाग कॉम्प्युटरवर चालतो. वायफायवरून आलेली प्रत्येक क्लिक आणि प्रत्येक अक्षर तो खरं मानतो, जणू तुम्हीच समोर बसून टाइप करताय. त्याने ओळख विचारली नाही, तर त्याच वायफायवरचा कुणीही तुमच्या कॉम्प्युटरवर कमांड टाइप करू शकतो. हे नुसतं भय नाही. 2022 मध्ये सिनॉप्सिस या सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधकांनी लेझी माउस, टेलिपॅड आणि पीसी कीबोर्ड या तीन अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये नेमकं हेच दाखवून दिलं: पासवर्डशिवाय बाहेरच्याला कॉम्प्युटरवर हव्या त्या कमांड चालवता येत होत्या. म्हणून ‘कुठलंही अ‍ॅप’ हा सल्ला चुकीचाच आहे.

घरात तपासणं सोपं आहे. दुसऱ्या कुणाच्या फोनवर तेच अ‍ॅप टाकून वायफायला जोडा. टीव्हीवर काहीही न विचारता बाण हलला, तर ते अ‍ॅप कॉम्प्युटरवरूनही काढून टाका. त्याऐवजी केडीई कनेक्ट हे अ‍ॅप मोफत आहे. त्यात आधी जोडणीची विनंती जाते, ती समोरून मान्य करावी लागते आणि पुढचा संवाद एन्क्रिप्टेड असतो. टचपॅड, टायपिंग, गाणं थांबवणं-पुढे नेणं सगळं त्यात आहे.

फायरवॉल बंद केल्यावर जोडणी होते, हे मात्र खरं, नाइलाजाने मानायला हवं. पण बहुतेकदा कारण वेगळं असतं: विंडोजने घरचं वायफाय ‘Public network’ धरलेलं असतं. सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ‘Private network’ करा, आणि फायरवॉलमध्ये फक्त त्या एका अ‍ॅपला प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी द्या. तरीही दिसत नसेल, तर फोन राउटरच्या गेस्ट वायफायवर आहे का ते बघा. तिथे उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

‘सगळं फोनवरून’ हेही पूर्ण खरं नाही. कॉम्प्युटर झोपला की ऐकणारा प्रोग्रॅमही झोपतो. विंडोज परवानगी मागताना पडदा काळवंडतो, तिथे बऱ्याच अ‍ॅपची क्लिक पोचत नाही. आवाज कॉम्प्युटरचा बदलतो, टीव्हीचा नाही. जुना यूएसबी माउस टीव्हीमागे लावलेलाच ठेवा. आणि मावशीच्या घरी फायरवॉल आज रात्रीच पुन्हा चालू व्हायला हवा.